दिसेनाशी झालेली खूण

आमचे काका घरोघरी जाऊन टीव्ही लावून देतात, गेमचा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची पातळीही बसवतात. पडद्यावरची फिकट खूण पांढऱ्यात जेमतेम विरेपर्यंत कमाल उजेड वाढवायचा. मग पेपर व्हाइट, म्हणजे साध्या पांढऱ्याचा उजेड, डोळ्यांना सोसेल इतकाच ठेवायचा.

हल्ली तक्रारी येत होत्या: गेममधला सूर्य मंद, अक्षरं मात्र डोळ्यांत खुपतात. काका टीव्ही कंपन्यांच्या नावाने खडे फोडायचे आणि दुकानातले आम्ही सगळे मूर्खांसारख्या माना डोलवायचो.

काल ते माझा टीव्ही लावत होते. पडदा हजार निट्स उजेडाचा, पण काका सहाशेलाच म्हणाले, "गेली खूण."

"काका, चांगली दिसतेय की!"

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"गेली की तू सांग," ते म्हणाले. "आणि दुकानात बोलू नकोस."