पिक्चर सुरू झाला की दिवे मंद

नोकरीच्या सुरुवातीला बाबा मलकापूरला होते आणि तिथल्या टॉकीजमध्ये त्यांनी पाहिला नाही असा पिक्चर नसेल. घरी गोष्ट सांगताना ते पिक्चरच्या आधी दिव्यांपासून सुरुवात करायचे. दिवे कसे एकदम न जाता हळूहळू मंद होतात, कुजबूज कशी थांबते, हे सांगताना त्यांचा स्वतःचाच आवाज खाली यायचा. यंदा दिवाळीनंतर महिनाभर घरून काम करायची परवानगी मिळाली, तेव्हा मी पुण्याहून चिखलीला आई-बाबांकडे येताना एक स्मार्ट स्पीकर आणि चार स्मार्ट बल्ब बॅगेत घालून आणले. बाबांच्या हॉलची टॉकीज करून टाकायची असं मी ठरवलंच होतं.

बाबांना गेल्या काही वर्षांत ऐकायला फार कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण पिक्चरमधलं संगीत आणि बोलणं एकत्र होऊन नुसता गलका येतो म्हणून ते डबीत पडून असतं. खाली उमटणारी इंग्रजी अक्षरं त्यांनी निम्मी वाचेपर्यंत पुसली जातात. तरी रोज जेवणं झाली की आई आणि ते पिक्चर लावून बसतात, हे फोनवर कळायचं. डोळ्यांनी पाहत असतील, असं मी धरून चालले होते.

जोडणीत पहिला दिवस गेला. बल्बांना राउटरचं साधं, हळू नेटवर्क लागतं आणि माझा फोन वेगवान नेटवर्कवर, त्यामुळे बल्ब काही केल्या सापडेनात. ते जमल्यावर टीव्हीच्या कंपनीचं खातं स्पीकरच्या ॲपला जोडलं आणि बंद असतानाही टीव्हीनं नेटवर्क सोडू नये अशी सेटिंग केली. मग ॲपमध्ये एक रुटीन बनवलं. आपण ठरावीक वाक्य बोललो की स्पीकर सांगितलेली कामं ओळीनं करतो, ते रुटीन. स्पीकरला मराठी येत नाही, म्हणून वाक्य हिंदीत ठेवलं : पिक्चर शुरू करो. एवढं म्हटलं की टीव्ही लागणार, पिक्चरचं ॲप उघडणार आणि चारही बल्ब अगदी मंद होणार. ‘इंटरवल’ म्हटलं की पिक्चर थांबून दिवे पूर्ण लागतील, हेही बसवलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी स्पीकर म्हणायला लागला, दिवे उत्तर देत नाहीत. बाबा खोलीतून उठले की भिंतीवरची सगळी बटणं खटाखट बंद करतात. जन्माची सवय. बटण बंद म्हणजे बल्बाला वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे स्पीकरची हाक त्याला पोचतच नाही. मी हॉलच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हात लावू नये.’ बाबांनी ते वाचून शहाण्या मुलासारखी मान हलवली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बाबांनीच पहिल्यांदा खड्या आवाजात वाक्य म्हटलं. टीव्ही लागला, त्यांनी रिमोटनं पिक्चर निवडला तोवर हॉल अंधारलाही. त्यांनी माझ्याकडे पाहून टाळी वाजवली. मला भरून आलं. पण दहा मिनिटांत त्यांची मान छातीवर टेकली आणि आई उठून स्वयंपाकघरात दही लावायला गेली.

दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच. “छान हाय,” बाबा सकाळी म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मला राग यायला लागला. तिन्हीसांजेला घर अंधारात ठेवलेलं आईला चालत नाही, मला वाटलं तीच खोड असेल. मी म्हटलं, “आई, दिवेलागण होऊन तास झाला की. आता काऊन उठून जातं तू?” आमच्या घरात भांडायला तोंड उघडलं की माझं पुणं गळून पडतं.

“काम असते मले,” ती म्हणाली.

चौथ्या रात्री मी मधेच पाणी प्यायला उठले आणि परत आले तर हॉलमध्ये लख्ख उजेड. बाबा बटणापाशी उभे, चिकटपट्टी त्यांच्या बोटाला चिकटलेली. बटण एकदा बंद करून परत लावलं की हे बल्ब मंद उजेड विसरून पुऱ्या उजेडानं लागतात, हे त्यांनी कधी शोधून काढलं कोण जाणे. माझा पारा चढला.

“बाबा! काय करून राह्यले तुम्ही? एवढी मेहनत केली मी त्याच्यावर!”

त्यांना शब्द कळले नसतील, चेहरा कळला. ते ओशाळून हसले, पट्टी पुन्हा बटणावर दाबू लागले. ती चिकटेना. तेव्हा आई खुर्चीतून म्हणाली, “त्याईले बोलू नको बाई. ते टीव्ही पाहून पिक्चर नाही पाहत. माह्या तोंडाकडे पाहून पाह्यतेत.”



मग तिनं सांगितलं. टीव्हीवरचं माणूस बोललं की तेच ती आवाज न करता ओठांनी बाबांना सांगते. लांबलचक असेल तर आखडून सांगते, शिवीगाळ असेल तर गाळते. कान गेल्यापासून रोज हेच चाललंय. अंधारात तिचं तोंड दिसत नाही, म्हणून बाबांचा पिक्चर मुका झाला आणि तिला बसायचं कारण उरलं नाही.

“मंग पहिल्याच दिवशी सांगायचं ना!”

“त्याईनंच खुणेनं ना म्हटलं. पोरीनं हौशीनं केलं म्हणे, तिचं मन नको मोडू.”

मला माझा राग आला, आणि त्या दोघांचाही आला. एवढं सांभाळून घ्यावं का कुणी पोटच्या पोरीला? मी बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसले, म्हणजे रडणं दिसू नये.

काम तसं किरकोळ होतं. सकाळी मी ॲपमधल्या हॉलच्या गटातून एक बल्ब बाहेर काढला आणि त्याला वेगळं नाव दिलं. माझ्या टेबलावरच्या दिव्यात तो बसवून दिवा आईच्या खुर्चीजवळ अशा बेतानं ठेवला, की उजेड तिच्या चेहऱ्यावर पडेल आणि टीव्हीच्या काचेवर येणार नाही. मग रुटीन उघडून सुधारलं : तीन बल्ब मंद, हा एक निम्म्या उजेडावर. आईला खुर्चीत बसवून बाबांच्या जागेवरून पाहिलं. हनुवटीखाली सावली पडत होती, म्हणून दिवा एक पुस्तक ठेवून उंच केला.

“फोटो काढून राह्यली का माहा?” आई म्हणाली.

रात्री बाबांनी वाक्य म्हटलं. हॉल मंद झाला, आईचा चेहरा तेवढा उजेडात राहिला. बाबांनी खुर्ची तिरकी करून घेतली, टीव्हीकडे निम्मी पाठ. पिक्चर विनोदी होता. एक मुनीम शेठला असं काही बोलला की मला आणि आईला हसू फुटलं. आईनं हसू कसंबसं आवरलं, बाबांकडे वळली आणि तिचे ओठ हलले.

मग बाबा हसले. आमच्यापेक्षा जरा उशिरा, आणि आमच्यापेक्षा जास्त.