परत-सांगा बाई आणि वाढवून घेतलेली हद्द

नोटरीच्या कचेरीला चिकटून एक लांबट खोली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या आणि दमेकऱ्यासारखा धापा टाकत पान बाहेर ढकलणारा प्रिंटर, एवढाच तिचा संसार. तिथे बावीस वर्षं बसणाऱ्या बाईला सगळे ‘परत-सांगा बाई’ म्हणतात. इंग्रजी न वाचता येणाऱ्याची सही घ्यायची असेल, तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवला आणि त्याला समजला, असा दाखला नोटरी मागतो. तो दाखला ही बाई देते. पण वाचून झालं की समोरच्याला म्हणते, आता तुम्ही तुमच्या शब्दांत परत सांगा. सांगता आलं नाही तर दाखला नाही.

सुरुवातीला ती असं करत नसे. एका पिठाच्या गिरणीवाल्याला तिने अख्खा करार मंजुळ मराठीत वाचून दाखवला होता. तो शेवटपर्यंत मान हलवत होता. आठ महिन्यांनी तोच माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, बाई, त्या कागदात नेमकं होतं तरी काय? त्या दिवसापासून मान हलवण्यावर तिचा विश्वास उरला नाही. मान काय, नंदीबैलही हलवतो, असं ती म्हणते.

त्या दुपारी लाँड्रीवाला आला तो मिशीला पीळ देतच. कपडे धुणाऱ्या एका मोठ्या कंपनीची फ्रँचायझी तो घेत होता. करार कंपनीनेच भाषांतराला दिला होता, आठवडाभर बाई त्यावर बसली होती. सही दोघांची हवी होती: त्याची, आणि त्याच्या थोरल्या बहिणीची. दुकानाचा भाडेपट्टा बहिणीच्या नावावर होता, कारण दुकान तिने काढलेलं. भाऊ हाताशी आल्यावर ते त्याच्या हवाली करून ती हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत स्वतःचं इस्त्रीचं टेबल लावून बसली होती.

ताई आली तीही कामावरूनच. उजव्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग. कंपनीचा साहेब बाहेर गाडीत थांबला होता. आवाजाने मऊ, वागायला मऊ, उन्हातही घाम न येणारा माणूस. पाच वाजेपर्यंत सही झाली पाहिजे, एवढंच तो म्हणाला होता.

बाईने चष्मा लावला. आधी रॉयल्टी. दर महिन्याच्या एकूण बिलांवर सात टक्के, किंवा करारात लिहिलेली किमान रक्कम, यातलं जे जास्त असेल ते. ताईने परत सांगितलं, “म्हणजे नफ्यावर नाही. गिऱ्हाईकाने पैसे बुडवले तरी बिल फाडलंय ना, मग त्यातलं सात टक्के ह्यांचं. आणि पावसाळ्यात कपडे आलेच नाहीत तरी किमान ते द्यायचंच.” बाईने मान डोलावली. लाँड्रीवाला म्हणाला, धंदा वाढणार आहे ताई, सात टक्क्यांचं काय घेऊन बसलीस.

मग हद्द. करारात तिला कार्यक्षेत्र म्हटलं होतं आणि मागे नकाशा जोडला होता, लाल रेघेने आखलेला. इथे लाँड्रीवाला खुर्चीतून अर्धा उठला. कंपनी नुसती बाजारपेठ देत होती. त्याने तीन बैठका घासाघीस करून पुलापर्यंतचा भाग आणि हॉस्पिटलची मागची बाजू पदरात पाडून घेतली होती. “साहेब हसत हसत हो म्हणाला,” तो म्हणाला, “आपल्याशी बोलताना भल्याभल्यांच्या कडक कॉलरची खळ उतरते.”

बाईने पुढचं वाचलं. ह्या रेघेच्या आत कंपनी दुसऱ्या कुणाला आपल्या नावाचं दुकान देणार नाही. मात्र ॲपवरून येणारे कपडे आणि हॉटेल-हॉस्पिटलचं काम कंपनीकडे राहील.

“मग आत उरलं काय?” ताईने विचारलं.

“उरलं की,” भाऊ म्हणाला. “माणसं आहेत.”

प्रिंटर मधेच आपोआप खरखरला आणि गप्प झाला. बाईने पान उलटलं. ह्या भागावर तिने पेन्सिलीने एक बारीक टिंब दिलं होतं. करार संपुष्टात येणे. हप्ता चुकला, तपासणीत दोनदा खोट निघाली, तर तीस दिवसांची नोटीस देऊन कंपनी करार मोडू शकते. दुकानदाराला पहिली पाच वर्षं मोडता येत नाही. मोडल्यावर पाटी उतरवायची, दुकानाचा फोन नंबर कंपनीला द्यायचा, आणि कंपनीची मर्जी असेल तर भाडेपट्टाही कंपनीच्या नावावर करून द्यायचा. आणि करार चालू असताना, शिवाय तो संपल्यावर दोन वर्षं, कार्यक्षेत्राच्या आत दुकानदाराने किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांनी कपडे धुण्याचा वा इस्त्रीचा दुसरा कुठलाही धंदा करायचा नाही.

“आता परत सांगा,” बाई म्हणाली.

ताईने नकाशा ओढून घेतला, हॉस्पिटल शोधलं, मागची गल्ली शोधली आणि तिथे बोट ठेवलं. बोट लाल रेघेच्या आत होतं.

“सही झाली की आजच माझं टेबल बंद,” ती म्हणाली. “उद्या ह्यांनी तुला काढलं तर दुकान ह्यांचं, नंबर ह्यांचा, आणि पुलापासून हॉस्पिटलपर्यंत आपल्या घरातल्या कुणी इस्त्रीला हात लावायचा नाही. ह्यांनी बाजारपेठच देऊ केली होती, तेव्हा मी बाहेर होते. तूच मला आत आणलंस रे.”

लाँड्रीवाल्याने बाईकडे पाहिलं. तेवढा परिच्छेद वगळून दाखला देता येईल का, असं त्याने हळूच विचारलं. बाई म्हणाली, मी अर्धा दाखला देत नाही. मग त्याने साहेबाला फोन लावला. नातेवाइकांचं वाक्य काढा, नाहीतर रेघ मागे घ्या, अशी विनवणी केली. पलीकडून काय आलं ते खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं, कारण साहेब आवाज चढवत नसला तरी स्पष्ट बोलायचा. करार सगळ्यांना सारखाच असतो. तुमची सही नसेल तर हा भाग आजच मोकळा होतो.

फोन ठेवल्यावर लाँड्रीवाला खाली बसला. तो गेला महिनाभर सगळ्या बाजाराला सांगत होता की ह्या भागाचा मी मालक. आता तोच भाग त्याच्याकडे नकाशातून रोखून बघत होता.

“सही केली तर मी गेले,” ताई म्हणाली. “नाही केली तर तुझ्या समोर ह्यांचं दुकान येईल. मला दोन्ही दिसतंय रे. पण हातातली इस्त्री मी आपल्या हाताने विझवणार नाही.” पेन तिने उचललंच नाही. निघताना भावाच्या खांद्यावर हात ठेवला, गरम होता तो हात, आणि चल म्हणाली. लाँड्रीवाला उठला आणि तिच्या मागून गेला. तिच्यापुढे जायची त्याची छाती झाली नाही.

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेब आत आला. रागावलेला अजिबात नव्हता. त्याने नकाशाची घडी नीट घातली, भाषांतर चांगलं झाल्याचं सांगितलं आणि तोच मजकूर नाव कोरं ठेवून आणखी एकदा छापायला सांगितला. लाँड्रीसमोरच्या चपलांच्या दुकानदाराने होकार कळवला होता, आणि तो निघालाच होता.

“त्यांनाही वाचून दाखवावं लागेल,” बाई म्हणाली. “परतही सांगावं लागेल.”

“त्यांना इंग्रजी येतं,” साहेब म्हणाला. “वाचून दाखवा असं ते म्हणालेले नाहीत. त्यांच्या घरात इस्त्री करणारंही कुणी नाही. मराठी प्रत फक्त फाइलला हवी.”

दाखल्याची गरज नव्हती, म्हणून ‘परत सांगा’ म्हणायचंही तिला काही कारण नव्हतं. बाईने नावाची जागा पुसली. प्रिंटरने धाप टाकली आणि पहिलं पान बाहेर यायला लागलं. खिडकीतून दिसत होतं, लाँड्रीवाला अजून समोरच्या फुटपाथवर उभा होता आणि ताई त्याला काहीतरी समजावत होती. चपलांचा दुकानदार त्यांच्या बाजूने गेला, ओळखीचं हसला, आणि नोटरीच्या पायऱ्या चढू लागला.