समोरासमोरच्या जोड्या

सातवीला हिंदी शिकवणाऱ्या गुरुजींना सगळी शाळा विलोमसर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सव्वीस वर्षं त्यांनी एकच व्रत पाळलं होतं: शब्दांचे प्रश्न काढायचे ते धड्यातूनच. धडा वाचताना पर्यायवाची, म्हणजे समानार्थी, शब्दांखाली लाल रेघ, विलोम, म्हणजे विरुद्धार्थी, शब्दांखाली निळी, कठीण शब्दाला कंस. धड्याबाहेरचा एक शब्द पेपरात सापडला तर मिशी उतरवीन, असं ते म्हणत. मिशी शाबूत होती.

यंदाचा धडा होता ‘बूढ़ा माली’. त्यातून त्यांनी वीस गुणांची चाचणी काढली. पाणी, झाड, वारा यांचे पर्यायवाची, शब्दार्थ, आणि शेवटी पाच गुणांच्या विलोमाच्या जोड्या. ‘अ’ गटात परिश्रमी, प्रशंसा, कठोर, विश्वास, कृतज्ञ. ‘ब’ गटात त्यांचे विलोम.

आता ‘ब’ गट उलटसुलट करायचं काम सरांचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं. तिला हिंदीचा गंध नव्हता, म्हणूनच ती उत्तम ढवळायची. पण त्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली होती. सरांनी स्वतःच पिठलं करपवलं, स्वतःच कपडे वाळत घातले आणि पेपर स्वतःच छपाईला दिला. ढवळायचं राहून गेलं.

चूक कळली ती पेपर तपासताना. परिश्रमीसमोर आलसी, प्रशंसासमोर निंदा, कठोरसमोर कोमल, विश्वाससमोर संदेह, कृतज्ञसमोर कृतघ्न. पाचही उत्तरं आयती ताटात वाढलेली! सरांना दरदरून घाम फुटला. आता बत्तीसच्या बत्तीस पोरांना पाचपैकी पाच मिळणार आणि शाळाभर शोभा होणार.

त्यांनी पहिला पेपर उघडला आणि चष्मा काढून पुसला. वर्गात पहिली येणाऱ्या मुलीनं परिश्रमीची रेघ निंदेला नेऊन भिडवली होती. दुसऱ्यानं कृतज्ञाला आळशी ठरवलं होतं. तिसऱ्याच्या रेघा इतक्या एकमेकींत अडकल्या होत्या की पिसाळलेल्या कोळ्यानं विणल्यासारख्या दिसत होत्या. एकतीस पेपरांत एकही जोडी बरोबर नव्हती.

बत्तिसावा पेपर खिडकीचा. ही मुलगी मागच्या बाकावर बसून बाहेर बघायची, म्हणून हे नाव. तिच्या पाच रेघा सरळ, पट्टीनं आखलेल्या. बाकी पेपरात तिला दोनच गुण होते. या पाचांसकट झाले सात, आणि पास व्हायला सातच लागत होते.

‘आळस केलाय कार्टीनं,’ सर पुटपुटले. प्रश्नच रद्द करावा, हा मार्ग सोपा होता. ढवळायचं राहिलं हे कुणाला कळणार नव्हतं. फक्त खिडकी नापास होणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला वर्गाबाहेर बोलावलं.

“न वाचताच रेघा मारल्यास ना?”

“नाही सर, वाचलं की. धड्यात माळ्याला मालक आधी आलसी म्हणतो, मग परिश्रमी. ते समोरासमोरच होतं, मग दुसरीकडे कशाला जायचं?”

“आणि कृतघ्न म्हणजे?”

“ज्याला केलेल्याची जाण नाही तो. सर, मी नापास का?”

सरांनी तिला जागेवर जायला सांगितलं. ते वर्गात शिरले. “परिश्रमीचा विलोम आलसी, हे किती जणांना येत होतं?”

एकजात सगळे हात वर.

“मग लिहिलं का नाही, गाढवांनो?”

पहिली येणारी मुलगी उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. “सर, तुम्हीच म्हणता, समोर दिसतं तो सापळा असतो, समोरच्याला कधी भुलायचं नाही. मला येत होतं. पण तुमची भीती वाटली.”

सरांना फार वाईट वाटलं. सव्वीस वर्षं पोरांना हुशार करतोय अशा समजात त्यांनी आलेलं उत्तर खोडायला शिकवलं होतं.

ते तडक मुख्याध्यापिका बाईंकडे गेले आणि झालं ते सगळं, पिठल्यासकट, सांगून मोकळे झाले. बाईंना हसू आवरेना.

“रद्द करून टाका ना प्रश्न. कशाला बोभाटा?”

“नाही बाई. प्रश्न बरोबर आहे, एकीनं बरोबर सोडवलाय. तिचे पाच तिचेच. उरलेल्या एकतिसांची तोंडी परीक्षा मी पुन्हा घेतो.”

“आणि कारण काय लिहू?”

सरांनी बाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि गुणपत्रकातल्या शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘मुलांना येत होतं. शिक्षकानं येऊ दिलं नाही.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि खिडकीला पास झाल्याचं सांगायला ते लगेच वर्गाकडे पळाले.