लाल टाक्याची साडी

जुन्नरच्या पेठेत एके काळी बायका कानाला लागून सांगायच्या, की कापडवाल्या खेमचंद शेठच्या कस्तुरबाईनं साडीच्या पदरात मंतरलेला लाल दोरा घातलेला असतो. साडी लग्नात मिरवून कुणी परत करायला आणली, तर दोराच तिच्याशी बोलतो म्हणे. मंत्र राजस्थानातून आणला, असंही दोघी-तिघी शपथेवर सांगत.

कस्तुरबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती गालात हसली आणि गप्प बसली. दुकानदाराच्या बायकोला कुठं गप्प बसावं हे कळतं.

दोऱ्याची भानगड सुरू झाली ती शेठच्या संतापातून. लोक साडी नेत, लग्नात नेसत, घामाचा वास आणि हळदीचा डाग घेऊन परत आणत आणि वर म्हणत, "रंग न्हाई आवडला." शेवटी शेठनं पेंटरला बोलावून पाटी रंगवली: 'विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही. हुज्जत घालू नये.' दुकानात शिरायच्या आधीच माणसाला दम. परत येणाऱ्या साड्या थांबल्या खऱ्या, पण जाणाऱ्याही थांबल्या. लग्नसराई अर्धी उलटली तरी लग्नाचा एक बस्ता बांधला गेला नव्हता.

अशात डिंगोऱ्याचे धर्माजी आणि प्रयागबाई पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आले. गादीवर साड्यांचा ढीग पडला, चहा झाला, आणि धर्माजींची नजर पाटीवर गेली.

"शेठ, विहीणबाईंनी मानाची साडी तोंडावर फेकली, तर ती काय मी नेसू?"

"पाटी आहे, पावणं. सगळ्यांना सारखी," शेठ म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. आळेफाट्याला नवं दुकान झालंय, उद्या तिथं बघू."

प्रयागबाई उठता उठता कस्तुरबाईला हळूच म्हणाली, "शेठाणी, माल लई चांगलाय. पर विहीण नाकावरची माशी उडू देत न्हाई. बदलून मिळंना म्हणल्यावर माझी छातीच व्हत न्हाई."

"उद्या आळेफाट्याला जायच्या आधी इकडून जा," कस्तुरबाई म्हणाली. "एवढं माझं ऐका."

पाहुणे गेले तशी ती नवऱ्याकडे वळली. "अहो, दहा जणी लबाड म्हणून शंभर जणींना चोर म्हणायचं?"

"मग काय, नेसून आणू द्यायचं?"

"घरी खांद्यावर टाकून बघू द्यायचं. मांडवात मिरवू द्यायचं नाही."

पदराच्या दर्शनी कोपऱ्यावर, जरीत उठून दिसेल अशी, तिनं लाल दोऱ्याची फुली घातली आणि फुलीखाली दुकानाची चिठ्ठी अडकवली. घडी उलगडा, आरशात बघा, चिठ्ठी आड येत नाही. पण चार माणसांत ती चिठ्ठी मिरवील अशी बाई जुन्नर तालुक्यात जन्मायची होती! मग पेंटर पुन्हा आला. मजकूर बाईचा:

'साडी घरी न्या, उजेडात बघा, घरच्यांना दाखवा. नाही आवडली तर आठ दिवसांत बदलून देऊ. मनासारखी दुसरी नसेल तर पैसे परत. बस्त्याच्या साडीचे आठ दिवस लग्नापासून मोजू. बिल आणि पदरावरचा आमचा टाका तेवढा जागेवर असावा. टाका काढला, फॉल लावला किंवा ब्लाउजपीस कापला, की साडी तुम्हाला पसंत पडली असे आम्ही आनंदाने समजू.'

"आनंदाने?" शेठ कळवळले.

"दोनदा लिहा म्हणणार होते," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धर्माजींनी पाटी मोठ्यानं वाचली. 'लग्नापासून' या शब्दावर थांबून पुन्हा वाचली. मग चपला काढून गादीवर ऐसपैस बसले. "बांधा, शेठ!"

लग्नानंतर विहीणबाईंची साडी परत आलीच. टाका जागेवर, बिल सोबत. मोरपंखी गेली, डाळिंबी आली, विहीण खूश.

पाठोपाठ धर्माजींची बहीण ठकूबाई आली. मानाची साडी तिनं मांडवात झोकात नेसली होती. नंतर नवा लाल दोरा आणून फुली पुन्हा घातली, चिठ्ठीही अडकवली. इस्त्री कडक.

कस्तुरबाईनं पदर जरासा उचलला. "ठकूबाई, ही तुम्हाला फार खुलली असणार."

"मी कुठं नेसली?"

"टाका आमचा नाही, बाई."

ठकूबाईनं दोरा पाहिला. तोच लाल, तीच फुली. तिनं पदर उलटून पाहिला, काही कळेना. बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, वर चहा सांगितला, चारचौघांत तिचा पाणउतारा केला नाही. साडीची घडी घालून परत तिच्याच पिशवीत ठेवली. "पुढच्या लग्नातही हीच नेसा."

मंतरलेल्या दोऱ्याची बातमी पेठेत पसरवली ती ठकूबाईनंच. तिचाही नाइलाज होता. दुसरं कारण तिला सापडेना. शेठच्या दुकानात मात्र त्यानंतर बस्ते वाढले आणि नेसलेल्या साड्या परत आल्या नाहीत.

मंत्र वगैरे काही नव्हता. कस्तुरबाई डावखुरी होती. तिच्या फुलीत वरचा टाका उलट्या बाजूनं पडायचा.