चार अक्षरांपुढचा पत्ता

वाशिमला एसटी स्टँडच्या मागे माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर आणि सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती. ती मी उपटसुंभ गिऱ्हाइकाला देतो. पण फॉर्म या विषयात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असं माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी कोणी विचारण्याआधीच सांगतो.

आमच्या धंद्याची एक युक्ती आहे. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतो, असला तर पासवर्ड आठवत नाही. म्हणून मी दुकानाच्याच पत्त्यात, अॅटच्या चिन्हाआधी, अधिकचं चिन्ह टाकून पुढे गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. वेबसाइटला तो वेगळा पत्ता वाटतो, आणि पत्र मात्र माझ्याच पेटीत येऊन पडतं. असे शेकडो लोक माझ्या पेटीत राहतात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी अकराच्या गाडीने अनसिंगच्या महिला गटाच्या अध्यक्षताई आल्या. त्यांचा गट सेंद्रिय भाजी आणि हळद पिकवतो. नागपूरच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांना स्टॉल हवा होता आणि नोंदणी संध्याकाळी सहाला बंद होणार होती. ताईंना पाहून माझी मान जरा खाली गेली, कारण आदल्या वर्षी हाच स्टॉल माझ्यामुळे हुकला होता. मी घाईत एक नवा जीमेल काढून दिला, पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी हरवली आणि ओटीपी त्यांच्या बंद पडलेल्या सिमवर जात राहिला. स्टॉल मंजूर झाल्याचं पत्र त्या पेटीत आलं होतं. होकार कळवायची मुदत संपली तरी ते कोणी उघडलं नाही. गटाकडे पोतीच्या पोती हळद दळून तयार होती.

त्यानंतर त्या बायांनी सेंद्रियचा दाखला दाखवून स्वतःचं संकेतस्थळ घेतलं, डॉट ऑर्गॅनिकने संपणारं. त्यावरचा ईमेल ताईंच्या फोनवर उघडतो आणि हळदीच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे.

मी सवयीने माझा अधिकच्या चिन्हाचा पत्ता टाकला. लाल ओळ आली, योग्य ईमेल टाका. ताई म्हणाल्या की आमचा पत्ता असताना तुमचा कशाला. त्यांचा टाकला, पुन्हा तीच लाल ओळ. दुकानाचा साधा पत्ता टाकला तर तो आधीच नोंदलेला निघाला, कारण मीच त्यावर दुसऱ्या गटाचा फॉर्म भरला होता. मी म्हटलं, ताई, एक नवा जीमेल काढू, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मागच्या सालीबी तुमी हेच म्हनलं होतं, भाऊ. आमचा पत्ता खरा हाय. मंग आमीच काहून बदलाचं?"

मला राग आला. त्यांचा नाही, त्या लाल ओळीचा. फॉर्म भरणाऱ्याला पुन्हा पुन्हा खोटं ठरवायचं आणि आपण मात्र एकदाही तपासायचं नाही, ही कुठली रीत?

मी पानावर राइट क्लिक करून त्याच्या आतला कोड उघडला. ईमेल बरोबर दिसतो का हे ठरवणारी एक ओळ असते, तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. ती खुणांनी लिहिलेली असते आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला मांजराने कीबोर्डवर उडी मारल्यासारखी वाटते. मी ती एकेक खूण सोडवत वाचली. अॅटच्या आधी अक्षरं, आकडे, टिंब, आडवी रेघ आणि खालची रेघ चालतील, असं तिच्यात होतं. अधिकचं चिन्ह त्या यादीत नव्हतं. आणि शेवटच्या टिंबानंतर किमान दोन, जास्तीत जास्त चार अक्षरं. ऑर्गॅनिक इंग्रजीत सात अक्षरांचं होतं, म्हणजे ताईंचा पत्ता दारातच अडकला. मग मी गंमत म्हणून बोटाला येईल ती अक्षरं बडवून मागे डॉट कॉम लावलं. ते बिनदिक्कत पास झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी माझ्या ब्राउझरमध्ये तपासणीची ती ओळच काढून टाकली आणि ताईंचा पत्ता पुढे पाठवला. पानाने सोडला, पण पलीकडच्या सर्व्हरने तीच लाल ओळ परत पाठवली. तपासणी दोन्ही टोकांना होती. माझी हुशारी तिथे संपली आणि साडेबारा वाजले.

मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या माणसाने तीनदा सांगितलं की वैध ईमेल टाका, नाहीतर जीमेल काढा. मी फोन ठेवला आणि पानाच्या तळाशी तांत्रिक अडचणींसाठी दिलेल्या ईमेलवर पत्र लिहिलं. त्यात ती ओळ जशीच्या तशी उतरवली, कोणते खरे पत्ते ती नाकारते आणि कोणता खोटा स्वीकारते तेही लिहिलं. एवढं नेमकं पत्र मी आयुष्यात कोणाला लिहिलं नसेल. ताई बसून राहिल्या, त्याच डुगडुगत्या खुर्चीत. मी त्यांना उठवून माझी खुर्ची दिली.

तीनच्या सुमारास फोन आला. तो फॉर्म जिने बनवला होता ती प्रोग्रामर बोलत होती, आवाजावरून तरुण. तिने ती ओळ एका जुन्या कामातून उचलली होती आणि डॉट ऑर्गॅनिक हा शेवट खरंच असतो का, याची तिला शंका होती. मी म्हटलं की वाद नको, त्या पत्त्यावर आत्ता एक पत्र पाठवा. अर्ध्या मिनिटात ताईंचा फोन वाजला. ताईंनी स्वतः उत्तर टाइप केलं, पत्र पोचलं, आमचा पत्ता बरोबर आहे.

पलीकडे तिने ते उत्तर वाचलं. मग म्हणाली, "चूक माझी आहे, काका. आज दुपारपर्यंत किती जण परत गेले असतील."

मला तिचा अभिमान वाटला, ओळख ना पाळख. तिने चूक झटकन कबूल केली, माझी कबूल करायला मला एक वर्ष लागलं होतं. तिने सांगितलं की आता अॅट आहे का आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का, एवढंच बघायचं. पत्ता खरा की खोटा ते पडताळणीच्या लिंकवर सोडायचं. पान आणि सर्व्हर दोन्हीकडे बदल करून साडेचारला तिने परत फोन केला. मी ताईंचा पत्ता टाकला. लाल ओळ आली नाही. लिंक ताईंच्या फोनवर गेली, ताईंनी दाबली आणि नोंदणी झाली.

चार दिवसांनी ताई दुकानात आल्या. स्टॉल मंजूर झाल्याचं पत्र त्यांनी फोनवर उघडून धरलं होतं. होकार कळवायला काही मदत लागेल का, म्हणून मी माउस हातात घेतला.

"होकार तं कालच देल्ला, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले फक्त दाखवाले आली."

एवढी वर्षं फॉर्म भरले, पण माझ्यावाचून पुरं झालेलं ते पहिलं काम होतं, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे.