मामींच्या फिल्टरमधलं पाणी

भिंगारला मी खोली घेऊन राहत होते तेव्हाची गोष्ट. प्राथमिक शाळेत नोकरी नुकतीच लागली होती. शेजारच्या खोलीत लष्करातल्या एका हवालदाराची बायको राहायची, तंजावरकडची. नवरा सीमेवर. मी तिला मामी म्हणायचे, ती मला टीचर.

मामींकडे पितळेचा कॉफीचा फिल्टर होता. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात पूड घालायची, वरून गरम पाणी, आणि खालच्या भांड्यात काळाभोर अर्क थेंबाथेंबाने उतरायचा. त्याला त्या डिकॉक्शन म्हणायच्या. मला ते सगळं उगाचच वाटे. माझ्याकडे पाहुण्यांसाठी झटपट कॉफीची डबी होती. एक चमचा पूड, गरम पाणी, ढवळलं की संपलं.

त्या पावसाळ्यात मामींचं पोटाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी चहा-कॉफीला हो म्हटलं, तसा त्यांनी माझा हात धरला.

"टीचर, एक कप. माझ्या फिल्टरचा. इथला चहा पोटात जात नाही." आणि खोलीची किल्ली देऊन बोटांवर मोजत सांगितलं, "पूड तीन चमचा. दाबायची नाही. पाणी उकळलं की खाली ठेव, बुडबुडे बसू दे, मग ओत. उकळतं ओतलं तर कडू. कोमट ओतलं तर नुसतं रंगाचं पाणी. झाकण ठेव, वीस मिनिट हात नाही लावायचा."

"एवढंच ना?" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उशीर झाला. शाळेच्या आधी दवाखाना गाठायचा होता. पूड लवकर उतरावी म्हणून चमच्याने चांगली दाबून बसवली, आणि स्टोव्हवरचं खळखळतं पाणी तसंच ओतलं. पाच मिनिटांनी बघते तर खाली जेमतेम चमचाभर. मी आणखी दाबलं. मग थेंब पडायचेच थांबले. तो चमचाभर अर्क जिभेला लावला तर कडूजहर.

मी फिल्टर तसाच ओट्यावर टाकला, माझी डबी काढली, दूध-साखर घालून कॉफी केली आणि थर्मास भरून निघाले.

मामींनी एक घोट घेतला. कप खाली धरून आत बघितलं.

"वीस मिनिट ठेवलं?"

"हो तर. घड्याळ लावून," मी म्हणाले. वर आणखी, "झाकण ठेवून."

"चांगली झाली," त्या म्हणाल्या.

मला सुटल्यासारखं झालं. खरं सांगते, लाज तेव्हा वाटली नाही. पुढचे तीन दिवस मी डबीतलीच कॉफी नेली. फिल्टरकडे बघितलंसुद्धा नाही. चौथ्या दिवशी मामी म्हणाल्या, "उद्यापासून नको. डॉक्टर नको म्हणतात."

संध्याकाळी त्यांना फळं द्यायला गेले, तर व्हरांड्यात वॉर्डातली आया भेटली. हसून म्हणाली, "बाई, उद्या कापी न्हाई व्हय? तुमची कापी लई ग्वाड असती."

"तुम्हाला कशी ठाऊक?"

"रोज मलाच देत्यात की. एक घोट घेत्यात, मग म्हन्त्यात, टीचरनं लांबून आणलीय, टाकू नको, तू पी."

"डॉक्टरांनी बंद केली ना?"

"न्हाई बा. डाक्टर तर घ्या म्हन्त्यात."

फळांची पिशवी मी तिच्याच हातात दिली आणि मामींना न भेटता परतले. वाटेभर कान तापलेले होते. घरी येऊन फिल्टर उघडला. पुडीचा गाळ कडक बसलेला, वर पाणी तसंच साचलेलं आणि त्यावर पांढरी बुरशी. तीन वेळा चिंचेने घासला, सुईने एकेक भोक मोकळं केलं. वास काही गेला नाही.

मामी घरी आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. फिल्टर नाकाशी धरला, खाली ठेवला आणि तीन चमचे पूड घातली. पाणी उकळलं, उतरवून बाजूला ठेवलं, बुडबुडे बसल्यावर सावकाश ओतलं, झाकण घातलं. मग आम्ही दोघी समोरासमोर बसून राहिलो. मला कबूल करायचं होतं. वीस मिनिटं होती माझ्याकडे. मी पावसावर बोलले, शाळेवर बोलले.

त्यांनी अर्कात तापलेलं दूध ओतून कप माझ्यापुढे केला.

"जमलं नाही म्हटलं असतं, तर तुझी डबीची कॉफी मी आनंदाने प्यायले असते, टीचर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तू शाळेच्या आधी उपाशीपोटी माझ्यासाठी येत होतीस. पण रोज 'चांगली झाली' म्हणताना मला खोटं बोलावं लागत होतं."

मी मान खाली घालून कॉफी प्यायले. माफी तेव्हाही मागितली नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. टांग्यात सामान चढवताना मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "मामी, ते..." त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि टांगेवाल्याला निघायला सांगितलं.