गप्प म्हणजे हो

त्या शनिवारी मी जळगावहून धुळ्याला गेले ते मिरवायला. लहान मुलांच्या कानांची तपासणी करणाऱ्या एका दवाखान्यासाठी मी नोंदणीचा चॅटबॉट लिहिला होता आणि तो झकास चालतोय असा माझा समज होता. मोठे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकाच शनिवारी येतात. त्या दिवसाची यादी बॉट भरायचा.

बॉटचं काम सरळ होतं. मुलाचं नाव, वय, फोन नंबर, तारीख असे चार रकाने. जो रिकामा, तेवढंच विचारायचं. नंबर मराठी आकड्यांत आला तरी चालेल, पुढचं शून्य किंवा एक्क्याण्णव गाळायचं, मग दहा आकडे मोजायचे आणि पहिला सहाच्या खाली नाही ना, ते बघायचं. 'परवा' आलं तर नोंदणी मागच्या दिवसाची असूच शकत नाही, म्हणून आजच्या तारखेत दोन मिळवायचे. शेवटी वार-तारीख सांगून 'हो' घ्यायचं. पण लोक 'हो' लिहीतच नाहीत, यादी अर्धवट लटकते, अशी स्वागतकक्षातल्या मॅडमची रोजची कटकट. वैतागून मी एक नियम घातला: अर्ध्या तासात उत्तर नाही आलं, तर हो समजायचं. कटकट थांबली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मी पोचले तेव्हा शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेली एक बाई मॅडमपुढे फोन धरून उभी होती. खांद्यावर दोन वर्षांची पोर. यादीत पोरीचं नाव नव्हतं.

"बठ्ठं लिखेल शे ना," ती म्हणाली. "नाव शे, नंबर शे, परवा म्हणीसन लिखं. आते काय ऱ्हायनं?"

मी फोन घेतला. तिच्या पडद्यावर 'परवा' गुरुवारी संध्याकाळचा होता. माझ्याकडे तो शुक्रवारी सकाळी आल्याची नोंद होती. गावात रेंज नाही. सकाळी पोरीचा बाप टेकडीवर गेला, मेसेज सुटल्याची खूण बघितली आणि उतरला. बॉटनं दोन दिवस मोजले शुक्रवारपासून. रविवार आला. रविवारी डॉक्टर नाहीत, म्हणून पुढची मोकळी तारीख म्हणजे पुढच्या महिन्याचा शनिवार दिला आणि विचारलं, बरोबर आहे का? अर्धा तास वाट पाहून स्वतःच हो धरलं. हे मेसेज त्या फोनवर उतरले ते आज बसमध्ये. तेव्हा ती पोरीला जागं ठेवण्यात गुंतली होती.

कारण ही तपासणी झोपेत करतात. पोरीला पहाटे उठवून, वाटेत डोळा लागू न देता आणायचं, असं आईला सांगितलेलं असतं. एसटीत तिनं पोरीला उभं धरलं होतं, तोंडावर पाणी मारलं होतं. आता बाकावर टेकल्याबरोबर पोर गाढ झोपली. आत दुसरं मूल होतं, त्याच्यामागे आणखी सहा.

मी डॉक्टरांना हात जोडले. यादी संपली की घेतो, म्हणाले. मी बाईजवळ जाऊन अगदी हळू आवाजात ते सांगितलं, पोर उठू नये म्हणून.

"जोरमा बोला, ताई," ती म्हणाली. "तिले आयकू येत नही."

दोन तास मी त्या पोरीच्या पापण्यांकडे बघत बसले. दीडला नाव पुकारलं. टेबलावर ठेवताना पाठीला रेक्झिनचा गारवा लागला आणि तिनं डोळे उघडले. झोप पुरी झाली होती. हसून तिनं डॉक्टरांच्या हातातली वायर पकडली. औषध देऊन झोपवायला वेळ उरला नव्हता, डॉक्टरांना निघायचं होतं. पुढच्या महिन्यात या, म्हणाले. या वयात प्रत्येक महिना मोलाचा आहे, हेही तेच म्हणाले.

बाहेर आल्यावर मी तिला खरं सांगितलं. चूक तुमची नाही, माझी आहे. तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मी होकार धरला.

तिनं आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पोरीचं झबलं नीट केलं आणि म्हणाली, "हाई पोर बी जवाब देत नही, ताई. मंग ती गप ऱ्हायनी म्हणीसन मी काय हो समजी लिऊ?"

परतताना पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी मांडीवर लॅपटॉप उघडून तो नियम काढला. आता बॉट वार-तारीख सांगून थांबतो. हो नसेल, तर दवाखान्यातून त्या नंबरावर फोन जातो. मॅडमची कटकट पुन्हा सुरू आहे. पुढच्या महिन्याच्या यादीत पहिलं नाव त्या पोरीचं आहे, आईनं माझ्यासमोर हो लिहून पक्कं केलेलं. त्या शनिवारला अजून एकोणीस दिवस आहेत.